मदत हवी आहे : दहा वर्षांच्या मुलीची पहिली 500 मीटर शर्यत, वेळ किती ठरवावी?

खानापूरचा_बाप
नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची असून पाचवीत शिकते. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी तिच्या शाळेच्या क्रीडास्पर्धेत तिला 500 मीटर धावायचे आहे. आजवर ती कोणत्याही शर्यतीत उतरलेली नाही. शाळेत चालत जाताना तिचा वेग ताशी 4.8 किलोमीटर असतो आणि हळू पळताना ताशी 7.5 किलोमीटर. दोन्हींची सरासरी 6.15 आली, म्हणजे 500 मीटरला 4 मिनिटे 53 सेकंद. शेजारचे गृहस्थ मात्र म्हणतात की गेल्या वर्षी पहिली आलेली मुलगी 2 मिनिटे 5 सेकंदांत धावली, तेव्हा लक्ष्य दोन मिनिटांचेच ठेवा. या दोहोंपैकी मुलीला कोणती वेळ सांगावी? लवकर उत्तर मिळाल्यास उपकार होतील, कारण ती रोज रात्री तेच विचारते.

गणितवेडा
तुमची सरासरी मुळातच चुकली आहे. अर्धे अंतर चालून आणि अर्धे पळून जायचे असेल, तर वेगांची नव्हे, वेळांची सरासरी काढावी लागते. ताशी 4.8 ने पूर्ण अंतर चालल्यास 6 मिनिटे 15 सेकंद लागतात आणि 7.5 ने पळल्यास बरोबर 4 मिनिटे. त्यांची सरासरी 5 मिनिटे 7 सेकंद होते. सावकाश चालण्यात वेळ अधिक जातो, म्हणून उत्तर नेहमीच वेगांच्या सरासरीपेक्षा जास्त येते.

तालीमवाला
एवढा विचार कशाला करता? बेळगावला सैन्यभरतीसाठी आमच्या तालमीतली मुले 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढायची. त्या हिशेबाने 500 मीटरला 1 मिनिट 43 सेकंद होतात. लहान आहे म्हणून वीस सेकंद जास्त द्या आणि दोन मिनिटांचे लक्ष्य ठेवा. पोरांना मोठे लक्ष्य दिले, तरच ती जीव तोडून पळतात.

निवृत्त_क्रीडाशिक्षक
तालीमवाले, सतरा-अठरा वर्षांचा मुलगा वर्षभर सराव करून जी वेळ काढतो, तिच्यातून दहा वर्षांच्या मुलीची वेळ निघत नाही. गणितवेडे यांचा हिशेब बरोबर आहे, मात्र विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, कारण ही मुलगी शर्यतीत अर्धे अंतर चालणार नाही. निदान तसे ठरवून तरी नाही.

खानापूरकर, चालण्याचा वेग बाजूला ठेवा. पाठीवर दप्तर घेऊन मैत्रिणींबरोबर शाळेत जाणारे मूल किती वेगाने चालते, यावरून त्याच्या धावण्याविषयी जवळजवळ काहीच समजत नाही. हळू पळण्याचा आकडा उपयोगाचा आहे, पण तो कसा मिळाला हे तुम्ही लिहिलेलेच नाही. किती अंतर पळाली? एकटी की तुमच्याबरोबर? पळताना बोलत होती का? आणि अंतर मोबाईलने मोजले की टेपने? शर्यत रस्त्यावर आहे की मैदानावर फेऱ्या मारायच्या आहेत?

खानापूरचा_बाप
क्षमस्व, हे सर्व उघड आहे असे मला वाटले होते. संध्याकाळी आम्ही दोघे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याने दोन किलोमीटर पळालो आणि वेग मोबाईलने सांगितला. ती वाटभर बोलतच होती. शाळेच्या सहलीची सगळी हकीकत त्याच वेळी ऐकली. शर्यत शाळेच्या मैदानावर आहे. फेरी 200 मीटरची असल्याने अडीच फेऱ्या मारायच्या आहेत.

निवृत्त_क्रीडाशिक्षक
दोन किलोमीटर गप्पा मारत ताशी 7.5 ने पळत असेल, तर 4 मिनिटे हे तिचे लक्ष्य होऊच शकत नाही. ती वेळ तिच्या खिशातच आहे. शर्यतीची वेळ त्याहून बरीच कमी येणार, मात्र किती कमी हे हळू पळण्यावरून नेमके सांगता येत नाही, कारण काही मुले बोलण्याच्या वेगापेक्षा सव्वापट वेगाने धावू शकतात, तर काही दीडपट.

त्यासाठी एक चाचणी घ्या. सरळ रस्त्यावर टेपने 300 मीटर मोजून प्रत्येक 100 मीटरवर फक्कीची रेघ मारा. मोबाईलवर एवढ्या थोड्या अंतरासाठी विसंबू नका. मुलीला सांगा, की शेवटपर्यंत न थांबता जमेल तेवढ्या जोरात, पण एकसारखे पळायचे. प्रत्येक 100 मीटरची वेळ स्वतंत्र लिहा. पूर्ण 500 मीटर आताच पळवू नका, नाहीतर शर्यत घरीच होऊन जाईल.

चिकोडीची_आई
माझ्या मुलाला दोन वर्षांपूर्वी शर्यतीच्या मध्येच बरगडीखाली कळ आली आणि तो पोट धरून उभा राहिला. मी त्याला निघण्यापूर्वी बशीभर पोहे आणि दूध दिले होते. आता मी दोन तास आधीच थोडेसे खायला देते. लक्ष्य कितीही ठेवा, आधी खाण्याकडे लक्ष द्या. आणि बूट नवे घेऊ नका.

खानापूरचा_बाप
ताई, धन्यवाद, हे मी लक्षात ठेवीन. सर, चाचणी घेतली, पण ती फसली असे वाटते. पहिले 100 मीटर 22 सेकंदांत झाले, दुसरे 34 आणि तिसरे 47, कारण शेवटी ती चालूच लागली. एकूण 1 मिनिट 43 सेकंद झाले. तिचा चेहरा लाल झाला होता आणि नंतर पाच मिनिटे ती माझ्याशी बोलली नाही. याचा अर्थ तिचे लक्ष्य तीन मिनिटांच्या वर धरायचे का?

गणितवेडा
एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढण्याचे रीगेल यांचे एक सूत्र आहे :

`T2 = T1 × (D2 / D1)^1.06`

त्यात 103 सेकंद घातल्यास 500 मीटरला 177 सेकंद, म्हणजे 2 मिनिटे 57 सेकंद येतात. तेच लक्ष्य धरा आणि विषय संपवा.

निवृत्त_क्रीडाशिक्षक
सूत्र मलाही माहीत आहे, पण ते साधारण साडेतीन मिनिटांपासून पुढच्या शर्यतींसाठी मांडलेले आहे आणि सराव असलेल्या धावपटूंच्या वेळांवरून बसवलेले आहे. शिवाय तुम्ही त्यात फसलेल्या चाचणीची वेळ घातली आहे. 22, 34, 47 हे आकडे ताकदीचे नाहीत, ते चुकीच्या सुरुवातीचे आहेत. 22 सेकंद म्हणजे ताशी 16 किलोमीटरहून अधिक वेग झाला. त्याचे कर्ज तिसऱ्या शंभरात फेडावे लागले. पहिल्या आणि शेवटच्या शंभरात पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला, तर ती चाचणी हिशेबात धरू नये.

दोन दिवस विश्रांती देऊन पुन्हा घ्या. या वेळी पहिले 100 मीटर तुम्ही स्वतः तिच्या पुढे पळा आणि तिला ओलांडू देऊ नका. तो टप्पा 31-32 सेकंदांत करा, मग बाजूला व्हा.

तालीमवाला
मुलीला अडवून कुठे वेग येतो का, सर? आमच्या वस्तादांनी कधी कोणाला हळू पळ म्हणून सांगितले नाही.

खानापूरचा_बाप
आज सकाळी दुसरी चाचणी घेतली. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी पुढे पळालो आणि ती मागून दोनदा "बाबा, तुम्ही फार हळू आहात" म्हणाली. वेळा अशा आहेत : 32, 33, 34. एकूण 1 मिनिट 39 सेकंद. शेवटी धाप होती, पण चालली नाही आणि मिनिटभरात बोलू लागली. गंमत म्हणजे हळू सुरुवात करूनही चार सेकंद कमी लागले.

निवृत्त_क्रीडाशिक्षक
आता हिशेब करता येईल. 100 मीटरला सरासरी 33 सेकंद पडतात. हाच वेग 500 मीटर टिकला, तर 2 मिनिटे 45 सेकंद होतील, पण तो पूर्ण टिकणार नाही. चौथ्या शंभरात पाय जड होतात आणि पहिल्याच शर्यतीत मुलाला शेवट कुठे आहे याचा अंदाजही नसतो. म्हणून 33, 34, 35, 35 आणि शेवटी पुन्हा 33 असे धरले, तर 2 मिनिटे 50 सेकंद होतात. हे तिचे लक्ष्य. ताशी सुमारे 10.6 किलोमीटर, म्हणजे गप्पांच्या वेगाच्या 1.4 पट, हा आकडा ओढून-ताणून आणलेला नाही.

याखेरीज एक वेळ अशी ठेवा, की पाऊस पडून मैदानात चिखल झाला किंवा पहिल्या वळणावर गर्दीत अडकली, तरी ती गाठेलच. तिच्यासाठी ती 3 मिनिटे 10 सेकंद धरा. मुलीला मात्र सेकंद सांगू नका. पहिली फेरी कोणाच्या मागे राहायचे आणि कुठल्या ठिकाणापासून जोर लावायचा, एवढेच सांगा.

गणितवेडा
माझ्या सूत्रात 99 सेकंद घातले, तर 170 सेकंद येतात. म्हणजे 2 मिनिटे 50 सेकंदच! सूत्राला नावे ठेवण्याची गरज नव्हती.

निवृत्त_क्रीडाशिक्षक
या वेळी जुळले, हे मान्य करतो. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते आहे. गेल्या वर्षीची 2 मिनिटे 5 सेकंद ही वेळ सराव नसलेल्या पाचवीतल्या मुलीसाठी फारच चांगली आहे. खानापूरकर, ती फेरी 200 मीटरचीच आहे हे कोणी मोजले आहे का?

खानापूरचा_बाप
सर, तुमची शंका खरी ठरली. आज गवंड्याची 50 मीटरची टेप घेऊन मी फक्कीच्या आतल्या रेघेजवळून फेरी मोजली, ती 172 मीटर भरली. म्हणजे अडीच फेऱ्या केवळ 430 मीटर होतात. 2 मिनिटे 5 सेकंदांत 430 मीटर, याचा अर्थ 100 मीटरला 29 सेकंद, आणि खऱ्या 500 मीटरला साधारण 2 मिनिटे 25 सेकंद.

शाळेतल्या सरांना विचारले, तर ते म्हणाले की यंदा रेघ बाहेर सरकवून फेरी पूर्ण 200 मीटरची करू. पण 28 मीटर वाढवायचे, तर सगळीकडून जवळजवळ साडेचार मीटर बाहेर जावे लागेल आणि एका बाजूला पिंपळाचा पार आहे. तो पार हलवणार कोण?

निवृत्त_क्रीडाशिक्षक
पार तिथेच राहील, त्यामुळे शक्यतो जुनीच रेघ राहील. तुम्ही दोन्ही वेळा लिहून ठेवा. अंतर खरे 500 मीटर असेल, तर 2 मिनिटे 50 सेकंद. अडीच फेऱ्या 430 मीटरच्याच राहिल्या, तर त्याच वेगाने 2 मिनिटे 26 सेकंद. दोन फेऱ्या आणि वर 156 मीटर पळवले, तरच जुन्या रेघेवर 500 मीटर भरतील; तेव्हा शर्यतीच्या सकाळी सुरुवातीची रेघ कुठे मारली आहे, ते आधी पाहून घ्या. आणि वळणावर तिला आतल्या रेघेजवळून पळायला सांगा. एक मीटर बाहेरून पळाली, तर अडीच फेऱ्यांत तिला पंधरा-सोळा मीटर जास्त पळावे लागेल, म्हणजे पाच सेकंद तिथेच जातील.

तालीमवाला
तरीही मी दोन मिनिटेच सांगितली असती.

खानापूरचा_बाप
सर, कागदावर दोन्ही वेळा लिहून खिशात ठेवल्या आहेत. तिला फक्त एवढेच सांगितले आहे, की दुसऱ्यांदा पार मागे पडेपर्यंत घाई करायची नाही. त्यावर तिने विचारले, की पाराजवळ आजी उभी राहील का.