‘तो व्हिडिओ काढशील का?’ – वर्गमित्राला लिहिलेल्या चिठ्ठीचे अनुभव

निळी शाई (धागाकर्ती): काल वर्गापुढे भाषण करताना मला उचकी लागली, ती थांबेना, आणि शेवटी मी हसता हसता रडले. एका वर्गमित्राने त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर माझे नाव टॅग करून टाकला. त्याला लिहिलेल्या चिठ्ठीचा पहिला मसुदा मी पुसून टाकला, कारण त्यात ‘तू मुद्दाम केलेस’ असे वाक्य होते आणि ते मला ठाऊक नव्हते. त्यानंतर गटावर काहीही न लिहिता त्याला एकट्यालाच पुढील चिठ्ठी पाठवली:

‘आज दुपारी तू गटावर टाकलेला माझ्या भाषणाचा व्हिडिओ पाहिला. तू गमतीने टाकला असशील, पण मला त्याची फार लाज वाटते आहे. कृपया तो आज रात्रीपर्यंत गटावरून सर्वांसाठी डिलीट करशील का? तुझ्या फोनमधली प्रतही काढलीस तर बरे होईल. याविषयी गटावर काही लिहू नकोस, एवढीच विनंती.’

दहा मिनिटांत ‘सॉरी, काढला’ असे उत्तर आले, पण माझ्या फोनवर व्हिडिओ जसाच्या तसा होता. तुमच्यापैकी कोणी अशी चिठ्ठी लिहिली असेल, किंवा कोणाला आली असेल, तर अनुभव सांगावा.

कोपऱ्यातला बाक: टॅग काढून टाकायचा, म्हणजे विषय संपतो. मी फेसबुकवर तसेच केले होते आणि कोणाकडे विनवणी करावी लागली नाही.

जुना मॉनिटर: फेसबुकवर टॅग काढल्याने त्या पोस्टशी जोडलेले आपले नाव सुटते, पण व्हॉट्सॲपवर दुसऱ्याने केलेला टॅग आपल्याला काढता येत नाही, आणि व्हिडिओ तसाच राहिला की ज्यांनी तो पाहिला त्यांना चेहरा ओळखता येतोच, त्यामुळे वरचा उपाय इथे चालणार नाही. धागाकर्तीच्या बाबतीत काय झाले असावे, याचा मला अंदाज आहे, कारण हीच चूक माझ्या हातूनही झालेली आहे. मला अशी चिठ्ठी आली तेव्हा मी घाईघाईने ‘डिलीट फॉर मी’ दाबले. व्हिडिओ माझ्या पडद्यावरून गेला आणि मला वाटले की काम झाले, परंतु बाकी सर्वांकडे तो तसाच होता. ती चूक मागे घेण्यासाठी जेमतेम काही सेकंद मिळतात. ते निघून गेले की संदेश आपल्याकडे उरतच नाही, त्यामुळे ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ निवडायला जागाच राहत नाही. त्या दिवशी गटाच्या ॲडमिनला सांगावे लागले, कारण ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही सर्वांसाठी काढता येतो. पाठवणाऱ्याला स्वतःचा संदेश सर्वांसाठी काढायला साधारण दोन दिवस मिळतात, म्हणून चिठ्ठीत ‘आज रात्रीपर्यंत’ लिहिले हे मला योग्य वाटते. अर्थात ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला असेल, त्यांच्या फोनमधून तो जाईलच असे नाही.

पेन्सिलवाल्या काकू: माझ्या मुलीनेही शिक्षकांना चिठ्ठी लिहिली होती, सहलीला न येण्याबद्दल. तिला मी कारण थोडक्यात लिहायला सांगितले होते. तुम्हीही लाज वाटते वगैरे लिहायला नको होते, त्याने समोरच्याला अजून गंमत वाटते.

निळी शाई: काकू, माझी चिठ्ठी शिक्षकांना नव्हती, पण लाजेचा मुद्दा मलाही सतावत होता. कारण लिहिले नसते तर त्याने ‘काय झाले एवढे?’ असे विचारले असते आणि मला पुन्हा सगळे समजावत बसावे लागले असते, म्हणून मी ते एकाच वाक्यात उरकले. जुना मॉनिटर यांचा अंदाज बरोबर निघाला. वर्गमित्राला विचारल्यावर त्याने पडद्याचे छायाचित्र पाठवले, त्यात तो व्हिडिओ खरोखरच दिसत नव्हता. आमच्या ॲडमिनला मी दोनच ओळी लिहिल्या, त्याची चूक कशी झाली हे सांगितले, आणि त्याच रात्री व्हिडिओच्या जागी ‘ॲडमिनने हा संदेश हटवला’ अशा अर्थाची ओळ आली.

मागची रांग: माझ्या बाबतीत मित्राने मुळात नकार दिला. ‘सगळ्यांचेच व्हिडिओ येतात’ असे तो म्हणाला. माझीही चूक होती, कारण मी ती विनंती गटावरच केली होती आणि सर्वांसमोर माघार घेणे त्याला जड गेले असावे. नंतर एकट्याला लिहिले तेव्हा त्याने काढला.

कोपऱ्यातला बाक: पण एकट्याला लिहिले आणि त्याने वाचून उत्तरच दिले नाही, तर दुसऱ्यांदा किती वेळाने लिहावे?

मागची रांग: मी एक दिवस थांबलो होतो. आता वाटते, थेट ॲडमिनकडे गेलो असतो तरी चालले असते.

निळी शाई: मला एक दिवस थांबणे शक्य झाले नसते. शेजारच्या वर्गातल्या एकीकडे तो व्हिडिओ पोहोचला आहे, असे काल कळले. तिलाही चिठ्ठी लिहिली आहे. खुणा निळ्या झाल्या, उत्तर अजून नाही.