उत्तर: −2.5 कुठून आलं?

> "F(s) = 5/(s(s−2)) ला फायनल व्हॅल्यू थिअरम लावलं तर −2.5 येतं, पण ग्राफ वर पळतो. पुण्यातल्या क्लासच्या नोट्समध्ये अट दिलेलीच नाही. चुकतंय कुठे?"

गणित बरोबर आहे, थिअरम लावणं चूक. आंशिक अपूर्णांक करून बघा: f(t) = 2.5(e^(2t) − 1). t = 3 लाच हे हजारापुढे जातं. −2.5 हा फक्त त्यातला स्थिर तुकडा. s→0 घेताना तेवढाच हाती लागतो, वाढणारं पद दिसतच नाही.

म्हणून आधी sF(s) सरळरूप द्या आणि त्याचे पोल शोधा. सगळे काटेकोरपणे डाव्या अर्धप्रतलात हवेत. इथे 5/(s−2) उरतं, पोल +2 वर, म्हणजे विषय संपला. काल्पनिक अक्षावरचा पोलही चालत नाही. sin 3t साठी 3s/(s²+9) घ्या, उत्तर शून्य येतं, पण साइन कधी थांबते का? हा जास्त फसवा, कारण शून्य पटण्यासारखं वाटतं.

इनिशियल व्हॅल्यूला स्थिरतेची अट नाही. तुमच्याच sF(s) ला s→∞ घेतलं की 0 येतं, आणि f(0) खरंच 0 आहे. फक्त F(s) मध्ये अंशाची घात छेदापेक्षा लहान हवी.