भिंतीचा हिरवा पट्टा आणि लोखंडी खाट बघून देश ठरवता येतो का?

सक्करदऱ्याहून: आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. एका खाटेवर दोन पेशंट, खाली जमिनीवर तिसरा. सोबत लिहिलंय, 'नागपूरच्या सरकारी दवाखान्यातला गेल्या आठवड्यातला प्रकार'. भिंत खालून हिरवी, वर पांढरी. मागे देवनागरीत एक कागद आणि एक फळा आहे. खाट, रंग, फळा, पाट्या यांवरून हा आपल्याकडचाच आहे हे सांगता येईल का? फोटो खाली जोडला आहे.

इतवारीवाला: सांगता येईल ना! मी तर पाहताक्षणी म्हणलं, आपल्याकडचाच आहे. हिरवा ऑईल पेंट, पायथ्याला फिरवायचा दांडा असलेली खाट, तीन पात्यांचा पंखा, काळं बटन, आणि वरून देवनागरी. पाकिस्तानात देवनागरी नाही, बांगलादेशात नाही. मग राहिलं काय? भारतच. लोकांना आपल्या दवाखान्यांची लाज वाटते म्हणून बाहेरचा म्हणायचं आहे, बाकी काही नाही.

जुना फोटो-डेस्कवाला: भाऊ, पाकिस्तान आणि बांगलादेश वगळण्यापर्यंत तुमचं बरोबर आहे. पण देवनागरी म्हणजे भारत असं नाही. नेपाळमध्ये सरकारी कारभार मुख्यतः देवनागरीतच चालतो. आणि तिथल्या वॉर्डात खाटा, पंखे, बटनं बऱ्याचदा आपल्यासारखीच दिसतात, कारण त्या वस्तू भारतातून जातात. त्यामुळे तुम्ही मोजलेल्या पहिल्या चार खुणा मी बाजूला ठेवतो. विकत घेतलेली वस्तू देश ओलांडते. त्या खोलीतल्या माणसांसाठी लिहिलेली ओळ सहसा ओलांडत नाही.

मी फोटो मोठा करून आधी अक्षरं उलटी तर नाहीत ना ते पाहिलं, कारण सेल्फी कॅमेऱ्याचे फोटो कधी कधी उलटे पडतात. ती सरळ आहेत. मग कागद वाचला. वरची ओळ पुसट आहे, पण दुसऱ्या ओळीत 'भेट्ने समय' स्पष्ट दिसतं. आपल्याकडे 'भेटण्याची वेळ' लिहिलं असतं, हिंदीत 'मिलने का समय'. 'भेट्ने', पाय मोडलेला ट आणि त्यापुढे ने, ही नेपाळीची घडण आहे. फळ्यावर एका रकान्याच्या डोक्यावर 'बिरामी' आहे. नेपाळीत पेशंटला तेच म्हणतात.

इतवारीवाला: बिरामी म्हणजे बिमारी. हिंदी बोर्डावर कोणीतरी चुकीचं लिहिलं असेल. एका शब्दावर एवढं?

जुना फोटो-डेस्कवाला: एका शब्दावर मीही ठरवलं नसतं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'मिति २०८१/०४/१२' आहे. ही आपली इसवी तारीख असूच शकत नाही. नेपाळमध्ये सरकारी नोंदी विक्रम संवतात होतात. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे त्या वर्षातल्या चौथ्या महिन्यासाठी ५७ वजा करायचे. २०८१ वजा ५७, म्हणजे २०२४. चौथा महिना जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जातो. तर ही तारीख जुलै २०२४ ची. तारीख फळ्यावर रोज बदलतात असं गृहीत धरलं, तर 'गेल्या आठवड्यातला' हा दावाही पडतो.

काटोल तालुक्यातले निवृत्त गुरुजी: सर, मला राहवत नाही म्हणून लिहितो. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. फळ्याच्या एका कोपऱ्यात दिनांक, वार, पट, हजर मुलं-मुली, आणि वर सुविचार. एखाद्या फोटोत हा कोपरा दिसला की शाळा महाराष्ट्रातली आहे हे मी लगेच सांगतो. त्यातही 'पट' हा शब्द. हिंदी मुलखात 'नामांकित' किंवा 'छात्र संख्या' लिहितात. आणि बोलक्या भिंतीवर पाढे मराठीत असले तर शंकाच उरत नाही. पण त्याच शाळेतल्या बाकांवरून मी काही सांगितलं नसतं, कारण तसे लांब बाक कुठेही असतात.

वर्गाच्या फोटोत नकाशा असेल तर तो जरूर बघावा. नेपाळने २०२० साली नवा नकाशा काढला. त्यात वायव्येला एक चोच बाहेर आलेली दिसते, कारण लिपुलेख, कालापानी, लिम्पियाधुरा हा भाग त्यांनी आपला दाखवला आहे. आपल्या नकाशात तो भाग भारतात असतो. त्या चोचीवरून देश कळतो, आणि फोटो २०२० नंतरचा आहे हेही कळतं.

मानेवाड्याहून: मला वेगळी काळजी वाटते. मागच्या महिन्यात आईला ॲडमिट केलं होतं, तेव्हा मी तिचा वॉर्डातला फोटो स्टेटसला टाकला. मागे बेड नंबर आणि कागद होता. म्हणजे कोणी तो बघून दवाखाना कोणता ते शोधून काढू शकेल?

जुना फोटो-डेस्कवाला: ताई, प्रश्न देशाचा होता, पण तुमचं खरं आहे. कागदावर विभागाचं नाव किंवा नंबर असेल तर दवाखाना शोधून काढता येतो. तो फोटो काढून टाका.

पेंटिंगचे ठेकेदार, गांधीबाग: रंगाबद्दल मी बोलतो. खालचे चार-पाच फूट ऑईल पेंट का मारतात? हात लागतो, स्ट्रेचर घासतं, आणि साबणाच्या पाण्यानं धुता येतं. वरच्या भागाला डिस्टेंपर चालतो, तो स्वस्त पडतो. हिरवाच का, तर दहा सरकारी कामांत आठ ठिकाणी आम्हाला हिरवा किंवा निळा दिला जातो, आणि डाग उठून दिसत नाहीत. रशियाकडचे जुने जिने आणि दवाखाने बघा, तिथंही खाली गडद पट्टा, वर पांढरं. कारण सगळीकडे तेच, म्हणून रंग सगळीकडे तोच. म्हणून रंगावर देश ठरवणं मला पटत नाही.

इतवारीवाला: ठीक आहे, रंग सोडा. पण मग वस्तूंचा काही उपयोगच नाही का? नुसती खाट आणि भिंत दिसत असेल, तर काय करायचं?

जुना फोटो-डेस्कवाला: उपयोग आहे, पण वगळण्यासाठी. भिंतीतल्या प्लगमध्ये तीन चौकोनी फटी असतील तर ते ब्रिटिश पद्धतीचं सॉकेट. ते केनिया, मलेशिया, आता श्रीलंकेतही दिसेल, पण आपल्याकडे नाही. म्हणजे फोटो नागपूरचा नाही असं म्हणता येतं. मात्र तीन गोल भोकं दिसली तर भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, काहीही असू शकतं. तेवढ्यावर 'भारत' लिहू नये. पाटीवरच्या फोन नंबराचंही तसंच आहे. १०८ दिसलं तर भारताकडे कल जातो. पण १०२ वर थांबू नका. तो भारतातही आहे आणि नेपाळमध्येही ॲम्ब्युलन्सचाच नंबर आहे.

दार्जिलिंगला नोकरी केलेला: एक आक्षेप घेतो. नेपाळी ही फक्त नेपाळची भाषा नाही. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगरात ती रोजची आहे, १९९२ पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही आहे. 'भेट्ने समय' आणि 'बिरामी' मला तिथल्या पाट्यांवरही वाचायला मिळालं. फक्त शब्दांवरून तुम्ही भारतीय वॉर्डाला परदेशी ठरवलं असतं.

जुना फोटो-डेस्कवाला: हे मी लिहायला हवं होतं. शब्दांनी फक्त नेपाळी भाषा सिद्ध होते. देश ठरवला तो तारखेनं, कारण आपल्याकडची सरकारी कागदपत्रं इसवी सनात चालतात, वॉर्डाच्या रोजच्या फळ्यावर मिति २०८१ लिहायचं कारण नाही.

दार्जिलिंगला नोकरी केलेला: खासगी नर्सिंग होम असलं, मालक नेपाळमधून आलेला असला, तर? मी 'बहुधा नेपाळ' म्हणेन, 'नेपाळच' नाही.

जुना फोटो-डेस्कवाला: मला तारीख पुरेशी वाटते. तुम्हाला 'बहुधा' लिहायचं असेल तर त्याला माझी हरकत नाही. ग्रुपवर मात्र एवढं नक्की कळवा की नागपूर हे नाव त्या फोटोला कशानंच जोडलेलं नाही.

सक्करदऱ्याहून: मी फोटोतला तारखेचा कोपरा वेगळा कापून ग्रुपवर पाठवला आहे. पण एक जण म्हणतो, फळ्यावर ती कोणी मागाहून बदलून टाकली असेल. मूळ फाइल कोणाकडे नाही, सगळ्यांकडे फॉरवर्ड झालेली, दाबून बारीक झालेलीच आहे.

जुना फोटो-डेस्कवाला: तारखेच्या अंकांचा खडूचा जाडपणा आणि रकान्यांतल्या अंकांचा जाडपणा जुळतो का, ते बघा. एवढ्या पुसट फोटोत त्यापुढे मला नक्की सांगता येणार नाही. ज्यानं आधी पाठवला त्याच्यापर्यंत मागं जा.