गेटवरच्या ट्रॉलीचा नंबर दिसत नाही, किती एमएमची लेन्स घेऊ?

निपाणीचा मळेकरी
मंडळी, उसाचा हंगाम लागल्यापासून रात्री-बेरात्री ट्रॉल्या आमच्या दारावरनं जातात. गेल्या आठवड्यात एकीनं गेटचा खांब पाडला आणि थांबलीसुद्धा नाही. सोप्यावर कॅमेरा हाय, २ मेगापिक्सेल, लेन्स २.८ एमएम. ट्रॅक्टर दिसतोय, नंबर मुंगीएवढा. सोप्यापासून गेट टेपनं मोजलं, १८ मीटर. कागदावर सेन्सर १/२.८ इंच लिहिलाय. त्याचे ९ एमएम धरले, भागिले २.८, गुणिले १८, तर ५८ मीटर रुंदी आली. पण रस्ता तेवढा पडद्यावर येतच नाही. हिशेब कुठं चुकला?

चिकोडी_वायरिंग
लेन्सला हात लावू नका, ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवा. जास्त भाग पण दिसेल आणि नंबर पण.

खानापूरची वहिनी
आमच्या गोठ्यातला कॅमेराही २.८ चाच. खोक्यावर ३० मीटर लिहिलंय, तुमचं गेट तर १८ वरच आहे की. मग दिसायला पाहिजे ना? आमची म्हैस व्यायला आली की घरात बसून सगळं दिसतं.

टिळकवाडी_फिटर
वहिनी, ते ३० मीटर म्हणजे रात्रीचा इन्फ्रारेड उजेड किती लांब पडतो ते. नंबर वाचण्याशी त्याचा संबंध नाही. तुमची म्हैस ४-५ मीटरवर असेल, तिथं २.८ झकास.

मळेकरी, तुमचं सूत्र बरोबर आहे, ९ चुकलाय. सेन्सरचा इंच हा जुन्या कॅमेरा-नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेला नावापुरता आकडा आहे, पट्टीनं मोजलेला नव्हे. अशा सेन्सरवर एक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा, आडवे १९२०. गुणाकार केला की रुंदी ५.६ एमएम. आता मांडा:

```
5.6 × 18 ÷ 2.8 = 36 मीटर
```

१९२० पिक्सेल ३६ मीटरवर पसरले, म्हणजे मीटरला ५३. मोटारीची लांब पाटी अर्धा मीटर, तिच्या वाट्याला २७ पिक्सेल. त्यात KA 23 पासून सगळी अक्षरं कशी मावणार?

चिकोडीवाले, पिक्सेल वाढतील हे खरं, पण भाग वाढणार नाही. तो सेन्सरची रुंदी आणि लेन्स ठरवते. तेवढ्याच सेन्सरवर ३८४० पिक्सेल आले तरी मीटरला १०७ होतात. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायला मीटरला २५० धरतात, पाटीलाही मी त्याच्या आसपासच धरतो.

निपाणीचा मळेकरी
दादा, काल एक मीटरची काठी पोराला गेटात धरायला लावली, फोटो काढून पेंटमध्ये मोजली. ५२ पिक्सेल! पण रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं राहून बघितलं तर ३६ नव्हे, ४४ मीटर दिसतोय. हे कसं?

टिळकवाडी_फिटर
२.८ ची लेन्स कडेला चित्र वाकवते. सूत्र मधल्या भागाला लागू पडतं, कडेला जास्त जागा दाबून बसवलेली असते. म्हणून काठी कडेला धरली तर पिक्सेल कमी भरतील. १२ एमएमला हा फरक नगण्य.

आता उलटा हिशेब. १९२० भागिले २५०, गेटाजवळ चौकट ७.७ मीटरची हवी. ५.६ गुणिले १८ भागिले ७.७, म्हणजे १३ एमएम. बाजारात १२ ची सहज मिळते. तिच्यात गेटावर ८.४ मीटर दिसेल, मीटरला २२८ पिक्सेल. मात्र तोच कॅमेरा ९ मीटरवर ४.२ मीटरच बघेल, अंगण गेलं. म्हणून २.८ चा तसाच ठेवा, गेटासाठी दुसरा लावा.

चिकोडी_वायरिंग
म्हणजे अंतर मीटरमध्ये लेन्सच्या एमएमएवढं असलं की कुठल्याही लेन्सनं ५.६ मीटरच दिसणार? १२ ची १२ मीटरवर, ४ ची ४ मीटरवर?

टिळकवाडी_फिटर
हो, या सेन्सरला. गिऱ्हाईकाच्या दारात उभा राहून मी तोंडी असंच सांगतो.

चिकोडी_वायरिंग
मग उरलेल्या खांबावरच ४ एमएमचा का लावू नये? वाहन ५ मीटरवर आलं की ७ मीटर रुंदी, मीटरला २७४ पिक्सेल.

टिळकवाडी_फिटर
आकडा बरोबर. पण खांबावरून पाटी तिरकी दिसते, तिरकी पाटी अरुंद होते. शिवाय ट्रॅक्टरची पाटी मोटारीपेक्षा लहान, मागची २० सेंटीमीटरची. १२ एमएमनं तिच्यावर ४५ पिक्सेल पडतील, दिवसा वाचता यावी. रात्री हेडलाइट थेट लेन्सवर आला की पाटी पांढरीफटक, तिथं एमएम काही करत नाही.

निपाणीचा मळेकरी
आणि ट्रॉलीच्या मागं ऊस लोंबत असतोय, पाटी झाकलेलीच. २.८ ते १२ ची फिरवता येणारी लेन्स आणतो. आधी सोप्यावर, नाही जमलं तर खांबावर. काठीचे पिक्सेल मोजून रविवारी टाकतो.

खानापूरची वहिनी
खांब पुन्हा उभा केलात का आधी?