शब्दचर्चा : गल्फहून आलेल्या ऑक्सिजन मशीनच्या सूचना आईसाठी मराठीत

सुरंगी
भावाने कतारहून आईसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवलं आहे. आई गुहागर तालुक्यात असते, वय अठ्ठ्याहत्तर, पेपर रोज वाचते. पुस्तिका इंग्रजी आणि अरबीत आहे. भावाने पानांचे फोटो पाठवले, त्यावरून मी असं उतरवलं :

१. उघड्या ज्वाळेपासून २ मीटर दूर राहावे.
२. पेट्रोलियमजन्य मलमे व तैलीय पदार्थ नाकपुड्यांस लावू नयेत.
३. विहित प्रवाहदरात बदल करू नये.
४. वापरात नसताना यंत्र सुरू ठेवून कॅन्युला अंथरुणावर वा कपड्यांवर ठेवावी.
५. आर्द्रक बाटलीत ऊर्ध्वपातित जल भरावे.
६. यंत्र भिंतीपासून ३० सेंमी अंतरावर ठेवावे.

आई प्रत्येक ओळीला 'म्हणजे काय गं?' विचारते. सोपे शब्द सुचवा.

मोडीप्रेमी
कॉन्सन्ट्रेटरला 'प्राणवायू संघनित्र' म्हणता येईल. ऑक्सिजनला प्राणवायू हा शब्द जुना आणि सुंदर आहे.

सुरंगी
मशीनचं नाव नकोय हो. आई 'ऑक्सिजनचं मशीन' म्हणते, तेच ठेवणार. सूचना समजायला हव्यात.

खाडीकाठ
आधी चौथी ओळ बघा, ती उलटी झाली आहे. नळी अंथरुणावर टाकून मशीन चालू ठेवायचं *नसतं*. ऑक्सिजन गादीत, गोधडीत, साडीच्या पदरात मुरतो आणि मग एखादी ठिणगीही पुरते. मूळ वाक्याच्या सुरुवातीचा नकार फोटोत पानाच्या घडीत गेला असावा. त्या रकान्यातल्या बाकीच्या ओळी नकारानेच सुरू होतात का, आणि शेजारच्या चित्रावर गोल व तिरकी रेघ आहे का, ते पाहा. दोन्ही असेल तर ओळ मनाईचीच.

पान पुन्हा मागवाच. पुस्तिका शिवणीपाशी दाबून सपाट करायची, फ्लॅश बंद ठेवायचा कारण कागद गुळगुळीत असतो, खिडकीचा उजेड बाजूने घ्यायचा आणि एका फोटोत एकच पान. उतरवून झालं की मूळ पानावरच्या सूचना मोजा आणि तुमच्या मोजा. आकडा जुळायला हवा.

सुरंगी
नवा फोटो आला. घडीत 'नेव्हर' आहे, चित्रावर तिरकी रेघही आहे.

वायरमन दापोली
पहिल्या ओळीत कारणही लिहा की ऑक्सिजन पेट घेतो. नुसतं 'दूर राहावे' म्हटलं तर म्हातारी माणसं ऐकत नाहीत.

खाडीकाठ
कारण लिहायचं हे बरोबर, पण कारण ते नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. त्याच्यामुळे बाकीचं सगळं भराभर पेटतं : केस, सुती साडी, तेल, नळीचं प्लास्टिकसुद्धा. 'पेट घेतो' लिहिलं तर माणसाला वाटतं की मशीन बंद केलं, संपलं. खरं म्हणजे कपड्यांत मुरलेला वायू मशीन बंद केल्यावरही थोडा वेळ राहतो. म्हणून नळी काढून लगेच चुलीपाशी बसायचं नाही, आधी मोकळ्या हवेत जायचं.

आणि 'उघडी ज्वाळा' हे आईच्या घरात काय आहे ते नावाने लिहा : समई, निरांजन, उदबत्ती, चूल, गॅस, काडेपेटी, आंघोळीच्या पाण्याचं चुलवण, डासांसाठी पेटवलेली सोडणं. उदबत्तीला ज्वाळा दिसत नाही, त्यामुळे ती या यादीत न लिहिल्यास हमखास राहून जाते. २ मीटर म्हणजे साडेचार हात, तुम्ही पाच हात लिहा.

सुरंगी
समई देवघरात असते आणि आईची खाट लगतच माजघरात. म्हणजे खाटच हलवावी लागणार.

आबोली७०
दुसऱ्या ओळीत 'तैलीय पदार्थ' म्हणजे खोबरेल, हे आईला सुचणारच नाही. ऑक्सिजनने नाक कोरडं पडतं आणि आपल्याकडची बायामाणसं पहिल्यांदा खोबरेलाचं बोट फिरवतात. 'नाकाला, ओठाला खोबरेल, तूप, व्हॅसलीन, सर्दीचा बाम लावायचा नाही' असं स्पष्ट लिहा. त्याऐवजी काय, तेही लिहा, नाहीतर ती लावणारच. पाण्यात बनवलेलं, तेल नसलेलं जेल औषधाच्या दुकानात मिळतं. कुठलं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

वायरमन दापोली
आमच्याकडे कुवेतहून हवा कोरडी करणारं मशीन आलं, त्याची पिन जाड चौकोनी. अ‍ॅडॅप्टर लावून बोर्डावर चालवलं, तर बोर्ड तापून पिवळा पडला. तुमच्याही मशीनला तीच पिन असणार. पुस्तिकेत एक्स्टेंशनबद्दल काही आहे का?

सुरंगी
आहे, 'एक्स्टेंशन कॉर्ड वापरू नये'. ती सातवी ओळ.

वायरमन दापोली
मग 'फिरता बोर्ड लावायचा नाही, भिंतीतल्या पॉइंटलाच लावायचं' असं लिहा. 'कॉर्ड' म्हटलं की लोकांना दोरी वाटते. पिन कापून नवी बसवू नका, त्या जाड पिनेत फ्यूज असतो. भिंतीतच तसा सॉकेट बसवून घ्या. सहाव्या ओळीला 'वीतभर' पुरेल.

खाडीकाठ
वीत म्हणजे नऊ इंच, ३० सेंमी म्हणजे फूटभर. वीतभर कमी पडेल, मशीनची गरम हवा कोंडते आणि ते तापून बंद पडतं. 'भिंतीपासून हातभर' लिहा, दीड फूट झालं तरी बिघडत नाही. पडदा आणि वाळत घातलेले कपडेही हातभर लांब.

तिसरी ओळ मला सगळ्यात नाजूक वाटते. 'विहित प्रवाहदर' वाचून कुणाला काही कळणार नाही, आणि दम लागला की माणूस बटण वर करणारच. काही फुप्फुसांच्या आजारांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगतो, असंबद्ध बोलतो. म्हणून : 'काचेच्या नळीतली गोळी २ च्या रेघेवर. रेघ गोळीच्या मधोमध दिसायला हवी, डोळ्यांच्या उंचीवरून बघायचं. दम लागला तरी बटण फिरवायचं नाही, फोन करायचा.' यातला २ डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याने बदला. खाली फोन नंबर ठळक लिहा.

मोडीप्रेमी
एक शंका. 'लावू नये' हे शुद्ध आणि सभ्य आहे. 'लावायचं नाही' आईला उद्धट वाटणार नाही का?

आबोली७०
'लावू नये' मला सल्ल्यासारखं वाटतं. 'तिन्हीसांजेला झोपू नये' म्हणतात, तसं. मानलं तर मानलं. इथे हुकूमच हवा.

मोडीप्रेमी
माझ्या कानाला अजूनही 'नये'च बरं वाटतं. 'मुळीच लावू नये' लिहिता येईल.

सुरंगी
दोन्ही तऱ्हा आईला वाचून दाखवते, ती ठरवेल. पाचव्या ओळीचं काय? 'डिस्टिल्ड वॉटर' तसंच ठेवू?

खाडीकाठ
नुसतं तेवढं ठेवू नका. बाजारात 'डिस्टिल्ड वॉटर' मागितलं की इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी हातात देतात, आणि त्याच फळीवर बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. 'औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीचं नाही' असं पूर्ण लिहा. बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पाणी, वरच्या रेघेच्या पुढे गेलं तर नळीत शिरतं.

आबोली७०
विहिरीचं पाणी उकळून गार केलेलं चालेल ना?

खाडीकाठ
उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. खाडीलगतच्या मचूळ विहिरीचं असेल तर बाटलीत पांढरा थर धरतो आणि बुडबुड्यांची भोकं बुजतात. डिस्टिल्ड पाणी संपलं आणि दुकान बंद असेल तर काय करायचं, ते मशीन लावून देणाऱ्याला विचारून त्याच कागदावर लिहा. काही डॉक्टर कमी ऑक्सिजनवर बाटली न लावताच चालवायला सांगतात, पण ते आपण ठरवायचं नाही.