मदत हवी आहे: अर्ली बर्ड आणि ग्रुप सवलत दोन्ही एकदम लागतायत

रेघोट्या: सुलेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा आहे. अर्ली बर्डला २० टक्के, पाच किंवा जास्त जणांना १५ टक्के सूट ठेवली. काल पाच जणांच्या एका ग्रुपला दोन्ही लागल्या! विक्री थांबवलीये, उद्या सुरू करायचीये. अर्ली बर्ड कधीपर्यंत आणि किती जागांना ठेवू? प्लीज लवकर सांगा.

निळीशाई: एकूण जागा किती? खर्च किती? त्याशिवाय काय सांगणार?

रेघोट्या: जागा ४०. पूर्ण तिकीट १०० धरा. हॉल आणि शिक्षक मिळून १५००, शिवाय माणशी साहित्य-जेवण २५.

चहाबाज: सवलत देऊच नका. आम्ही कधीच देत नाही, तरी हॉल भरतो.

निळीशाई: तुमचं नाव झालंय हो, यांचं व्हायचंय. रेघोट्या, पूर्ण दरात माणशी ७५ सुटतात, म्हणजे २० तिकिटांत खर्च निघतो. दोन्ही सवलती लागल्या की तिकीट ६८ ला जातं, सुटतात ४३. मग खर्च निघायलाच ३५ जण लागतील. सेटिंगमध्ये एका ऑर्डरला एकच सवलत ठेवा, जी मोठी असेल ती. अर्ली बर्ड १२ जागांना द्या. मग बाकी पूर्ण दरात गेल्या तर चोविसाव्या तिकिटाला खर्च निघेल.

वाटसरू: पैसे परत मागितले तर किती कापता? आमच्याकडे यावरूनच भांडणं होतात.

निळीशाई: त्यांनी ते विचारलेलं नाही. हॉल कधीपर्यंत रद्द करता येतो?

रेघोट्या: तीन आठवडे आधीपर्यंत. त्याचा काय संबंध?

निळीशाई: तोच तर संबंध. अर्ली बर्ड त्याच्या चार-पाच दिवस आधी बंद करा. तोवर १२ पैकी चारच गेल्या तर हॉल सोडायचा की नाही हे ठरवायला वेळ राहतो. तिकिटावर 'अमुक तारखेपर्यंत किंवा १२ जागा संपेपर्यंत, जे आधी होईल ते' असं लिहा. आणि तारीख वाढवू नका, पुढच्या वेळी कोणी घाई करणार नाही.

पाटीपेन्सिल: दोन्ही सवलती २० टक्केच ठेवा ना, गोंधळच नको.

निळीशाई: गोंधळ कमी होईल, पण पूर्ण दरात चौघांचे ४०० आणि २० टक्के सुटीत पाच जणांचेही ४००. चौघं आले की पाचवं नाव फुकटात घालतील, तुम्हाला मात्र साहित्य-जेवणाचे २५ पडतील. १५ टक्के असले तर पाच जणांचे ४२५ होतात, तो खर्च तरी निघतो.

रेघोट्या: पटलं. पण अर्ली बर्डच्या तीनच जागा उरल्या आणि पाच जणांचा ग्रुप आला तर?

पाटीपेन्सिल: पाचही जणांना द्या, दोन जागांनी काय बिघडतं?

निळीशाई: मग १२ ही मर्यादा राहिली कुठे? त्यांना ग्रुपचे १५ टक्के मिळतातच की.

चहाबाज: म्हणून म्हणत होतो, सवलतच नको.

रेघोट्या: आणि कालच्या ग्रुपचं काय? त्यांनी ६८ नेच पैसे भरलेत.

निळीशाई: ती तिकिटं तशीच राहू द्या. फक्त ते पाच जण १२ मध्ये धरा, म्हणजे आता सातच उरल्या.