अनुभव धागा : फोटोतला ओठावरचा जर आणि अंगावरचे पुरळ सौम्य करताना

आर्वीचा स्टुडिओवाला

परवा एका घरी लग्नाचा जुना अल्बम चाळताना नवरीच्या ओठाकडे लक्ष गेले आणि ते लग्न आठवले. मांडवाच्या दिवशीच मुलीला ताप भरला होता आणि लग्नाच्या सकाळी खालच्या ओठाच्या डाव्या कडेला जर फुटला होता. तिच्या आईने मला बाजूला घेऊन म्हटले, "भाऊ, तेवढं सौम्य करा, पण पोरगी आमचीच दिसली पाहिजे." तेव्हापासून मी एक नियम धरला आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, म्हणजे जर, घामोळ्या, गांधी किंवा हळदीने उठलेले पुरळ, ते सौम्य करायचे. जे राहणार आहे, म्हणजे तीळ, देवीचा वण, हनुवटीवरचे गोंदण, त्याला हात लावायचा नाही. अडचण अशी की जर ओठाच्या रेषेवरच बसतो, त्यामुळे तो काढायला गेले की शेजारची कातडी आणि ओठाचा आकार दोन्ही बिघडतात. आपापले अनुभव लिहावेत, मोबाइलवर काम करणाऱ्यांनीसुद्धा.

वणीचा कॅमेरा

दादा, यात एवढे अवघड काय आहे? ह्यू-सॅच्युरेशनमध्ये रेड निवडायचा, सॅच्युरेशन साठने खाली आणायचे आणि लाइटनेस थोडा वाढवायचा. घामोळ्या असोत की जर, सगळी लाली उतरते. मी अख्खे सीझन असेच काढतो आणि गिऱ्हाइकाची कधी तक्रार आलेली नाही.

पुसदची सूनबाई

माझ्या नणंदेला दर उन्हाळ्यात असा जर येतो. त्यावर नेमके काय लावावे, हे कोणी सांगेल का? आमच्याकडे साजूक तूप लावतात.

साकोलीची अल्बमवाली

वणीच्या भाऊंचे निम्मे बरोबर आहे. त्याच पट्टीत ह्यू किंचित पिवळ्याकडे सरकवला तर लाली खरोखर उतरते. पण सॅच्युरेशन साठने खाली नेले की आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्या जागी राखेसारखा डाग राहतो, आणि मास्क नसेल तर कुंकू, लिपस्टिक आणि शालूचा लाल काठसुद्धा फिका पडतो. पांढऱ्या शुभ्र भिंतीसमोरचा फोटो असेल तर हे लवकर लक्षात येत नाही. अल्बम छापून आला की येते.

स्टुडिओवाल्या दादांनी सांगितला तसाच एक फोटो मी मागच्या हंगामात केला, तो सविस्तर सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. जर एकच दिसत असला तरी त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात : वरची खपली, भोवतीची लाली आणि थोडी सूज. तिन्ही एकाच ब्रशने काढायला गेले की तिथे मेणाचा ठिपका तयार होतो.

खपली आधी घ्यावी. मूळ फोटोच्या वर नवा रिकामा लेयर घेऊन, हीलिंग ब्रशला सॅम्पलसाठी `Current & Below` देऊन, खपलीपेक्षा जेमतेम मोठा ब्रश ठेवावा. हा ब्रश पोत आपण दाखवलेल्या जागेचा घेतो, पण रंग आणि उजेड मात्र जिथे फिरवतो तिथल्या आजूबाजूचा घेतो. म्हणूनच ओठाच्या रेषेजवळ तो ओठाचा गडद रंग कातडीवर ओढून आणतो आणि तिथे जांभळट ओघळ दिसतो. त्यावर उपाय असा की आधी ओठाच्या रेषेवरून अचूक सिलेक्शन काढायचे, बाकीच्या बाजूंनी ते ऐसपैस मोठे ठेवायचे, आणि मग आतल्या आत ब्रश चालवायचा. बाहेरचा रंग आत येत नाही. कातडीची बाजू झाली की सिलेक्शन उलटवून ओठाची बाजू करावी. पोत गालावरून घेऊ नये, कारण गालाची छिद्रे मोठी असतात आणि लव वेगळ्या दिशेने जाते. ओठापासून तेवढ्याच अंतरावरची, त्याच बाजूच्या उजेडातली कातडी घ्यावी. ओठाला उभ्या रेघा असतात, म्हणून तिथे ओठाचाच शेजारचा तुकडा लागतो.

लालीसाठी मी कर्व्हजचा वेगळा लेयर घेते, त्याचा मास्क Ctrl+I दाबून काळा करते आणि मऊ ब्रश दहा टक्के फ्लोवर ठेवून फक्त लालीवर पांढरा रंग फिरवते. आधी आयड्रॉपरने आकडे पाहते. त्या फोटोत जराच्या भोवती 158, 96, 82 येत होते आणि तेवढ्याच उजेडातल्या चांगल्या कातडीवर 168, 122, 96. म्हणजे रेडमध्ये फरक 10 चा, ब्लूमध्ये 14 चा आणि ग्रीनमध्ये तब्बल 26 चा. लाली म्हणजे लाल वाढलेला असे आपण धरून चालतो, पण फोटोत हिरवा पडलेला असतो. म्हणून मी ग्रीनची कर्व्ह मधोमध उचलली, ब्लू थोडी उचलली, रेड जेमतेम. 164, 115, 92 च्या आसपास आल्यावर थांबले. थोडी लाली राहिली, ती राहू दिली. लेयर वेगळा असल्यामुळे नंतर ओपॅसिटी कमी-जास्त करता येते.

सूज मी बहुतेक वेळा सोडून देते. वरचा चकाकणारा ठिपका थोडा दाबला आणि खालची सावली थोडी उचलली की डोळा तिथे अडत नाही. लिक्विफायने ओठ आत ढकलला तर चेहऱ्याची ठेवणच बदलते.

मूर्तिजापूरचे काका

ताई, ग्रीनचे तुम्ही फार मोलाचे लिहिले. आम्ही ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात हेच दुसऱ्या बाजूने करत होतो. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे साधी मुरमे आणि पुरळसुद्धा प्रिंटमध्ये काळेकुट्ट उतरत. नंतर पॅन फिल्म आली, तेव्हा भिंगावर लाल फिल्टर लावला की तेच पुरळ जवळजवळ नाहीसे होई. पण ओठही पांढरेफटक पडत, म्हणून फार गडद फिल्टर कोणी वापरत नसे. तुमच्या संगणकात फोटोचे चॅनेल वेगवेगळे उघडून पाहा : रेडमध्ये कातडी स्वच्छ दिसेल, ग्रीन आणि ब्लूमध्ये प्रत्येक दाणा उठून दिसेल.

जे उरे ते आम्ही निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने भरत असू. कातडीवरचा गडद डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो, त्यावर शिसे चढवले की प्रिंटवर तो उजळतो. पेन्सिल एकाच दिशेने ओढली तर प्रिंटवर रेघोट्या येत, म्हणून स्वल्पविरामासारखे बारीक फटकारे मारायचे. तीळ भरला गेला की मालकांची बोलणी खावी लागत.

उमरखेड मोबाइल फोटो

माझ्याकडे संगणक नाही, सगळे काम स्नॅपसीडवर आहे. तिथल्या हीलिंगला पोत कुठून घ्यायचा हे सांगता येत नाही, तो आपल्या मनाने घेतो. त्यात ब्रशचा आकार वेगळा ठरवता येत नाही, जेवढे झूम कराल तेवढा तो फोटोवर बारीक पडतो. म्हणून ओठ पडदाभर मोठा करून फक्त खपलीवर टेकवतो. लालीला मी हीलिंग लावतच नाही. ट्यून इमेजमध्ये सॅच्युरेशन थोडे खाली आणि अँबियन्स थोडा वर करतो, मग `View edits` मध्ये जाऊन तो बदल ब्रशने 25 वर ठेवून फक्त लालीवर फिरवतो. ताई म्हणतात तसा ग्रीन वेगळा उचलायचा तर त्यातही कर्व्हज आहे आणि तो बदलही याच रीतीने ब्रशने लावता येतो. ओठाच्या रेषेवर मात्र अजून जमलेले नाही, तिथे दर वेळी रंग पसरतो.

दारव्हा, गृहिणी

पुसदच्या ताई, जर हा विषाणूमुळे येतो आणि ताप, ऊन किंवा जागरण झाले की पुन्हा फुटतो, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. चुणचुण सुरू होताच त्यांना दाखवले तर मलम किंवा गोळ्यांचा उपयोग होतो, खपली धरल्यावर फारसा नाही. टॉवेल वेगळा ठेवा. आणि फोटोवाल्यांच्या धाग्यावर आले आहे म्हणून सांगते, नवरीला जर असेल तर मेकअपवालीने लिपस्टिकचा तोच ब्रश करवलीच्या ओठाला लावू नये. तो संसर्ग फोटोत सौम्य होत नाही. 😄

पुसदची सूनबाई

धन्यवाद ताई. टॉवेलचे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.

वणीचा कॅमेरा

साकोलीच्या ताईंचे म्हणणे मी आज एका फोटोवर करून पाहिले. राखेचा डाग नाही आला, हे कबूल. पण घामोळ्या मानेपासून छातीपर्यंत असतील तर एकेक दाण्याला कोण ब्रश लावणार? मे महिन्यातल्या लग्नात अर्धे वऱ्हाड घामोळ्यांनी भरलेले असते. त्यापेक्षा फ्रिक्वेन्सी सेपरेशन करून खालचा रंगाचा लेयर ब्लर केला की काम होते.

साकोलीची अल्बमवाली

होते, भाऊ, पण सगळा लेयर ब्लर करू नका. लॅसोने फक्त पुरळाचा पट्टा घ्या, कड भरपूर मऊ करा आणि तेवढाच ब्लर करा. तो पट्टा जबड्याच्या सावलीला किंवा पोतीच्या मण्यांना लागला, तर सावली कातडीत झिरपते आणि मान मळल्यासारखी दिसते. घामोळ्यांचे दाणे उठलेले असतील तर ते वरच्या पोताच्या लेयरमध्ये राहतातच. लाली गेली तरी बारीक रवाळपणा दिसतो. मला तो चालतो, उन्हाळ्यातले लग्न आहे.

शेजारची कातडी खरोखर अस्पर्श राहिली का, हे पाहायला मी सर्वांत वर दोन तात्पुरते लेयर ठेवते. एक ब्लॅक अँड व्हाइटचा, त्यात उजेडाचा ठिगळ दिसतो; दुसरा सॅच्युरेशन खूप वाढवलेला, त्यात रंगाचा ठिगळ दिसतो. आळीपाळीने लावून पाहायचे आणि फाइल पाठवण्याआधी दोन्ही काढून टाकायचे.

चिखलीची मास्तरीण

मला गालावर बाळंतपणानंतर वांग आले आहे. शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोत आमच्या गावच्या फोटोवाल्याने ते न विचारता काढून टाकले आणि सोबत कपाळावरचा लहानपणीचा वणही गेला. आता गेटवर रखवालदार फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहतो. हे वांग तुमच्या पंधरा दिवसांच्या नियमात बसते का?

आर्वीचा स्टुडिओवाला

ताई, वांग पंधरा दिवसांत जात नाही, म्हणून माझ्या नियमाप्रमाणे ते तसेच राहायला हवे होते, आणि वणाला तर हात लागायलाच नको होता. ओळखपत्राच्या फोटोत मी जरसुद्धा काढत नाही. बरा झाल्यावर या, असे सांगतो.

दारव्हा, गृहिणी

पण दादा, बाळंतपणानंतरचे वांग काहींचे वर्षभरात फिके होते. मग ते जाणारे की राहणारे? आणि स्थळाकडे पाठवायच्या फोटोत मुलीचे वांग ठेवा असे तुम्ही म्हणालात, तर कोणती आई ऐकेल?

भिवापूरचा व्हिडिओवाला

तुमचे सगळे ठीक आहे, पण व्हिडिओत जर तसाच दिसतो ना. हलत्या चेहऱ्यावर ट्रॅकिंग करत बसलो तर अंतरपाट धरण्यापासून वरातीपर्यंत एक महिना जाईल. गेल्या वर्षी एका मामींनी अल्बम आणि व्हिडिओ शेजारी ठेवून विचारले की नवरी तीच आहे ना!

साकोलीची अल्बमवाली

म्हणूनच मी पूर्ण काढत नाही. चेहरा पानभर आहे अशा मोजक्या फोटोंतच हात घालते. मामेकुळाच्या गटफोटोत चेहरा करंगळीच्या नखाएवढा येतो, तिथे जर छापल्यावर दिसतही नाही. दारव्ह्याच्या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. मी मुलीलाच विचारते, आईला नाही, आणि ती हो म्हणाली तरच वांगाला हात लावते, आणि तेव्हाही त्या लेयरची ओपॅसिटी तीसच्या वर नेत नाही.

वणीचा कॅमेरा

तीसने आईचे समाधान होत नाही, ताई. बाकी ते लॅसोचे सांगितले त्यात कड किती पिक्सेल मऊ करता? माझ्या फाइली 24 मेगापिक्सेलच्या आहेत.

साकोलीची अल्बमवाली

आकडा चेहरा चौकटीत केवढा आहे त्यावर ठरतो. पानभर चेहरा असेल तर मी मानेच्या पट्ट्याला तीस-चाळीसपासून सुरू करते, ओठाजवळ मात्र एक-दोनच्या पुढे जात नाही.